इंग्रजी मेलमध्ये ‘साहेब’, ‘मॅडम’, ‘जी’ : साखर कारखान्याच्या एमडींना लिहिताना तुम्ही काय करता?

केतकी_कोथरूड

नमस्कार मंडळी,

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत ग्राहकांशी पत्रव्यवहार बघते. आम्ही साखर कारखान्यांच्या बॉयलरसाठी प्रेशर ट्रान्समीटर, फ्लो मीटर वगैरे पुरवतो. ग्राहक बहुतेक सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगरकडचे. फोनवर सगळं मराठीत चालतं. ‘नमस्कार साहेब, पुण्याहून केतकी बोलते’ असं म्हटलं की पुढचं सुरळीत. मेल मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात, कारण पर्चेस ऑर्डर, टेस्ट सर्टिफिकेट, वॉरंटी सगळं इंग्रजीत असतं आणि सीसीमध्ये चेन्नईचे कन्सल्टंट असतात.

अडचण अशी की सकाळी फोनवर ज्यांना ‘पाटील साहेब’ म्हटलं, त्यांनाच दुपारी ‘मिस्टर पाटील’ लिहायचं जिवावर येतं. एकदम परकं वाटतं, जणू आमचं काही बिनसलंय. आमचे बॉस म्हणतात की सरळ पहिलं नाव लिही, आता सगळे तसंच लिहितात. पण हे एमडी अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, त्यांना मी ‘डिअर संजय’ कशी लिहू? शेजारच्या टेबलावरचा सहकारी सगळ्यांना ‘रिस्पेक्टेड सर’ लिहितो. ते शाळेतल्या रजेच्या अर्जासारखं वाटतं.

सध्या पैशांची आठवण करून द्यायची आहे. सहकाऱ्याने दिलेला मसुदा हा असा:

```
Respected Sir,
With due respect, I would like to bring to your
goodself's kind notice that our payment is pending
since long. Kindly do the needful at the earliest.
```

मला हा पाठवायचा नाही. तुम्ही अशा वेळी काय लिहिता?

सुशांत९०

‘डिअर सर’ लिहा. विषय संपला.

बाळबोध

सुशांत, विषय संपत नाही. ‘डिअर सर’ बँकेला लिहितात, ज्यांचं नावही माहीत नसतं त्यांना. तीन वर्षं ज्यांच्याशी बोलतोय त्यांना बिननावाचं ‘सर’ लिहिलं तर ते वरवरचंच वाटणार.

केतकीताई, बिनधास्त ‘साहेब’ लिहा. फक्त ‘जी’ लावू नका. ‘जी’ मराठी नाहीच, ते हिंदीतून आलेलं खूळ आहे.

झाडीपट्टी

बाळबोध भाऊ, एवढं ठासून नका बोलू जी. आमच्या भंडारा-गोंदियाकडे ‘हो जी’, ‘काय जी’ हे घराघरात आहे, सून सासऱ्याशीही तसंच बोलते. तुमच्याकडे नसेल म्हणून ते मराठी नाही असं कसं?

बाळबोध

बरं, बोलण्यातलं मान्य. पण कोल्हापूरच्या माणसाला ‘पाटीलजी’ म्हणून बघा.

झाडीपट्टी

ते मीही म्हणणार नाही.

फक्त_मराठी

मुळात इंग्रजी कशाला? स.न.वि.वि. घालून मराठीत पत्र लिहा. आपल्याच माणसांना आपल्याच भाषेत लिहायची लाज वाटते का?

केतकी_कोथरूड

लाज अजिबात नाही. कव्हरिंग मेल मराठीत लिहून पाहिला होता. चेन्नईहून लगेच फोन आला की यात काय ठरलंय ते आम्हाला कळत नाही. कॅलिब्रेशनच्या तारखा त्यांनी पाळायच्या असतात, त्यामुळे त्यांना वाचता येणं भागच आहे. इंग्रजी ठरलेलं आहे असं धरूनच सांगा.

जुना_स्टेनो

मी एका सहकारी साखर कारखान्यात एमडी साहेबांचा स्वीय सहायक म्हणून निवृत्त झालो. तुमचा मेल त्या बाजूला गेल्यावर त्याचं काय होतं ते सांगतो, म्हणजे मायना कुणासाठी लिहायचा ते आपोआप कळेल.

एमडींची अधिकृत मेलपेटी सकाळी मी उघडायचो. ज्या मेलवर निर्णय लागतो त्याचा प्रिंट काढायचा, आवक नंबर टाकायचा, फाइलला लावून आत ठेवायचा. साहेब वाचून डाव्या समासात पेनाने ‘चीफ अकौंटंट, चर्चा करावी’ असं काहीतरी लिहीत आणि खाली छोटी सही करत. मग तो कागद अकौंट्सला जायचा. माल बरोबर आला का, चालतो का, हे विचारायला तिथून चीफ इंजिनिअरकडे, आणि शेरा घेऊन परत. म्हणजे तुमचा मेल चार जण वाचतात आणि त्यातले तिघे एमडींना दिवसभर ‘साहेब’ म्हणतात. त्या कागदावर ‘डिअर पाटील साहेब’ असलं तर कुणाच्याही नजरेला ते खुपत नाही. ‘डिअर संजय’ असलं तर आधी मीच थबकायचो. साहेबांना त्याचं काही वाटत नसेलही, पण तो कागद हाताखालच्या माणसांपुढे फिरणार असतो. असे मेल आम्ही दाबून ठेवत नव्हतो, पण वर सरकवायची घाईही करत नव्हतो.

मसुद्याबद्दल सांगायचं तर त्यात आदर पाच ठिकाणी आहे आणि माहिती एकाही ठिकाणी नाही. कुठलं बिल, किती तारखेचं, कधी देय झालं? साहेबांनी समासात लिहायचं तरी काय? असा मेल माझ्याकडे आला की मला पुण्याला फोन करून बिल नंबर विचारावा लागायचा. मग तो दिवस गेला.

सुशांत९०

काका, हे भारी आहे. पण मग सरकारी पत्रांत ‘साहेब’ का नसतं?

जुना_स्टेनो

सरकारी पद्धत वेगळी आणि फार पक्की आहे. इंग्रजीतलं कार्यालयीन पत्र नुसत्या ‘सर’ किंवा ‘मॅडम’ने सुरू होतं आणि ‘युअर्स फेथफुली’ने संपतं. अर्धशासकीय पत्र, ज्याला आम्ही डी.ओ. म्हणतो, ते अधिकाऱ्याच्या नावाने जातं. त्यात ‘डिअर श्री पाटील’ असतं आणि शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’. म्हणजे कोरडेपणा आणि जवळीक यांच्या मधली पायरी सरकारनेही ठेवलेली आहे. इंग्रजी पत्रात ‘मिस्टर’च्या जागी ‘श्री’ आणि बाईंसाठी ‘श्रीमती’ हे तिथे रोजचं आहे. केतकीताईंना ‘साहेब’ लिहायचा संकोच वाटला तर ‘डिअर श्री पाटील’ हा चांगला मधला मार्ग आहे, निदान पहिल्या दोन-चार मेलपुरता.

एक मात्र पाळा. ‘मिस्टर पाटील साहेब’ किंवा ‘श्री पाटील साहेबजी’ अशी भर घालू नका. एकच मान, एकदाच.

वाटसरू_नाशिक

आमच्या ऑफिसात एका नव्या मुलाने ‘डिअर साहेब सर जी’ लिहिलं होतं. तीन भाषांचा मान एका ओळीत. ग्राहक इतका हसला की ऑर्डर त्याच दिवशी आली :)

मुक्ता_म्युनिक

सीसीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी इथे एका यंत्रनिर्मिती कंपनीत आहे आणि भारतातल्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे होतं. तिकडच्या डीलरने मेल ‘डिअर देशमुख साहेब’ असा सुरू केला आणि आमच्या जर्मन इंजिनिअरला सीसीत ठेवलं. त्याने सगळ्यांना उत्तर पाठवलं, ‘डिअर मिस्टर साहेब’. त्याची काही चूक नव्हती. दोन शब्दांतला दुसरा तो आडनाव असणार, असं त्याने धरलं. त्याच्या उत्तरात पुढे दोन आठवडे ‘मिस्टर साहेब’च होते आणि देशमुखांनी मोठ्या मनाने काही म्हटलं नाही.

तेव्हापासून मी असं करते. ज्या साखळीत मराठी न कळणारा माणूस आहे तिथे पहिल्या मेलमध्ये पूर्ण नाव आणि हुद्दा एकदा स्पष्ट येऊ देते, म्हणजे ‘मिस्टर एस. डी. देशमुख, मॅनेजिंग डायरेक्टर’. ‘साहेब’ फक्त थेट त्यांनाच जाणाऱ्या मेलमध्ये. आणि तिसऱ्याला त्यांच्याविषयी लिहिताना वाचणारा कोण ते बघायचं. कारखान्याच्या चीफ इंजिनिअरला लिहिताना ‘देशमुख साहेबांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे’ असंच लिहिते, कारण तिथे नुसतं ‘ही सेड’ लिहिलं की त्यांच्या साहेबांना अरेतुरे केल्यासारखं वाटतं. तीच गोष्ट म्युनिकमध्ये सांगताना ‘मिस्टर देशमुख’.

केतकी_कोथरूड

मुक्ता, हे अगदी उपयोगी. आपण मराठीत ‘साहेब म्हणाले’ असं अनेकवचन सहज वापरतो आणि इंग्रजीत तो आधारच नाही, त्यामुळे सगळा भार वरच्या मायन्यावर येतो. म्हणूनच मला तो इतका अडतो असं आत्ता लक्षात आलं.

अस्मि

थोडं वेगळं बोलते. मी स्वतः ग्राहकाच्या बाजूला आहे, एका कारखान्यात खरेदी विभागाची प्रमुख. पुरवठादारांचे मेल मला आणि आमच्या वर्क्स मॅनेजरना मिळून येतात. त्यातले कितीतरी असे सुरू होतात:

```
Dear Kulkarni Saheb and Sunita,
```

कुलकर्णी माझ्या बरोबरीच्या पदावर आहेत आणि वयाने माझ्याहून लहान. त्यांना आडनाव आणि वर ‘साहेब’, मला नुसतं पहिलं नाव. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं हे मला माहीत आहे. त्याला ‘साहेब’चं स्त्रीलिंगी रूप सुचत नाही आणि ‘मॅडम’ फार शाळेतलं वाटतं, म्हणून तो पहिल्या नावावर उतरतो. पण पर्चेस ऑर्डरवर सही माझी असते.

उलट प्रकारही आहे. कुलकर्णींना ‘डिअर कुलकर्णी साहेब’ आणि मला ‘डिअर मॅडम’, नावाशिवाय. म्हणजे मी कुणीही असले तरी चालेल.

माझं म्हणणं सोपं आहे. पुरुषाला आडनाव आणि साहेब असेल तर बाईला आडनाव आणि मॅडम. ‘डिअर कुलकर्णी साहेब अँड कदम मॅडम’. नाहीतर दोघांना ‘मिस्टर’ आणि ‘मिझ’. एकाला एक आणि दुसरीला दुसरं हे नको. आणि ‘मिसेस’ तर अजिबात नको, माझं लग्न झालंय की नाही याचा ट्रान्समीटरशी काय संबंध?

बाळबोध

अस्मि, शंभर टक्के पटलं. पण ‘सुनीता मॅडम’ चालतं का? आमच्या मुंबईच्या ऑफिसात पहिलं नाव आणि मॅडम हेच जास्त ऐकू येतं.

अस्मि

मुंबईत चालतं. माझ्या हाताखालची मुलं मला ‘सुनीता मॅडम’ म्हणतात, तेव्हा मला ते आवडतंच. बाहेरच्या माणसाने मेलमध्ये लिहिताना, शेजारी ‘कुलकर्णी साहेब’ असेल, तर मला जोडी जुळलेली हवी. एकटीला मेल असेल तर काहीही चालेल, फक्त ‘मॅम’ नको. ते बोलण्यात ठीक, कागदावर तोकडं दिसतं.

स्पष्टवक्ता_ठाणे

मी जरा कडू बोलतो. हे ‘साहेब’ प्रकरण मुळातून बंद व्हायला हवं. पुरवठादार आणि ग्राहक बरोबरीचे असतात, एक माल देतो, दुसरा पैसे देतो. ‘साहेब’ लिहिलं की आपण आपल्याच हाताने खालची पायरी घेतो, आणि मग थकलेल्या बिलाची मागणी करतानाही आवाज लटपटतो. मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना ‘मिस्टर’ आणि ‘मिझ’ लिहितो. एकही ग्राहक गेला नाही.

जुना_स्टेनो

ठाणेकर, तुमचं चालतं कारण तुम्ही पहिल्या मेलपासून तसंच लिहीत आलात. लोक तुम्हाला त्याच आवाजात ओळखतात. केतकीताई फोनवर ‘साहेब’ म्हणतात. त्यांनी अचानक ‘मिस्टर’ लिहिलं तर समोरचा विचारात पडतो की आता वकिलाची नोटीस येणार की काय.

आणि आवाज लटपटतो तो ‘साहेब’मुळे नाही. खालच्या वाक्यात रक्कम आणि तारीख नसली की लटपटतो. ‘पाटील साहेब’ लिहूनही पैसे ठणकावून मागणारे पुरवठादार मी पाहिले आहेत.

स्पष्टवक्ता_ठाणे

तुमचा अनुभव मोठा आहे, पण माझं मत तेच राहील. सवय बदलायला कुणीतरी सुरुवात करावीच लागते.

अ‍ॅड_साताराकर

वकिलाचा उल्लेख झालाच आहे तर दोन शब्द. मेलमध्ये ‘साहेब’ असल्याने कायद्याच्या दृष्टीने काही बिघडत नाही. उद्या वाद झाला आणि मेल पुरावा म्हणून दाखल करायची वेळ आली, तर तो कुणाला, कुठल्या पत्त्यावर, कधी गेला आणि त्यात नेमकं काय मागितलं हे दिसावं लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मायन्यात ‘साहेब’ की ‘मिस्टर’, याने त्यात फरक पडत नाही.

माझा सल्ला इतकाच की दोन कागद वेगळे ठेवा. मेल ओळखीच्या सुरात, ‘डिअर पाटील साहेब’. सोबत लेटरहेडवरचं पत्र पीडीएफमध्ये. त्यावर ‘टू, द मॅनेजिंग डायरेक्टर’, कारखान्याचं पूर्ण नाव, विषय, बिलांचा तपशील आणि मायना ‘डिअर सर’. नातं मेल सांभाळेल, नोंद पत्र सांभाळेल.

आणि तुमच्या कंपनीची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर लक्षात ठेवा, लेखी करारानेसुद्धा पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. ते मेलमध्ये पहिल्याच फटक्यात लिहू नका. तिथे ‘साहेब’ आणि कायद्याचं कलम एकाच परिच्छेदात आलं की दोन्ही खोटे वाटतात.

प्राजक्ता_आई

माझ्या मुलीच्या शाळेत प्राचार्यांना मेल करताना मीही अशीच अडकते. त्या आम्हाला शिकवायला होत्या तेव्हा आम्ही त्यांना ‘बाई’ म्हणायचो! आता ‘डिअर बाई’ लिहू का?

वाटसरू_नाशिक

प्राजक्ता, लिहाच. त्या बाई खूश होतील. पण धागा कारखान्याच्या एमडींचा आहे :)

माडाची_सावली

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे ‘साहेब’ इतकं सर्रास नाही. कोंकणीत वडीलधाऱ्याच्या नावाआधी ‘बाब’ लावतात, पण इंग्रजी मेलमध्ये ते मी कधी लिहिलं नाही, कोंकणी निरोपात मात्र लिहितो. इथल्या ज्येष्ठ ग्राहकांना, हिंदू असोत की ख्रिस्ती, ‘मिस्टर’ आणि आडनाव अगदी आपुलकीचं वाटतं, कारण ते बोलतानाही तसंच बोलतात. तेव्हा ‘मिस्टर’ सगळीकडे कोरडंच असतं असं नाही. माणूस तोंडाने काय वापरतो ते बघा.

जुना_स्टेनो

बरोबर. आणि ते बघायची खूण मेलमध्येच असते. ते स्वतः उत्तराखाली काय सही करतात? ‘संजय’ एवढंच लिहीत असतील तर त्यांनी दार उघडलं आहे. ‘एस. डी. पाटील, मॅनेजिंग डायरेक्टर’ असेल तर अजून नाही. आणि ते तुम्हाला काय लिहितात? आमचे साहेब पंचविशीतल्या मुलीलाही ‘डिअर मॅडम’ लिहीत. जो माणूस तुम्हाला ‘मॅडम’ लिहितो त्याला पहिल्या नावाने लिहायचा प्रश्नच येत नाही. तरीही शंका असेल तर त्यांच्या सहायकाला फोन करा आणि तो त्यांचा उल्लेख कसा करतो ते ऐका.

आणखी एक घोटाळा आहे तो नावांचा. आमच्या कारखान्यात एका वेळी चार पाटील होते. चेअरमन पाटील, एमडी पाटील, शेतकी अधिकारी पाटील आणि स्टोअरकीपर पाटील. बोलताना आम्ही ‘चेअरमन साहेब’, ‘एमडी साहेब’ म्हणून वेगळे करायचो. मेलमध्ये ‘डिअर एमडी साहेब’ लिहू नका, ते कागदावर नाव विसरल्यासारखं दिसतं. ‘डिअर एस. डी. पाटील साहेब’ लिहा, निदान जिथे दोन पाटील एकाच साखळीत आहेत तिथे.

बाळबोध

चेअरमनना मेल करायची वेळ आली तर? आमच्या तालुक्यातल्या चेअरमनना सगळे ‘आबासाहेब’ म्हणतात. त्यांचं खरं नाव निम्म्या लोकांना माहीत नाही.

जुना_स्टेनो

हा नाजूक प्रश्न आहे. सहकाराच्या पट्ट्यात आदर नावातच मुरलेला असतो. विठ्ठलराव, यशवंतराव, वसंतदादा ही नावं बघा. ‘राव’ किंवा ‘दादा’ नावात असताना वर ‘जी’ किंवा ‘साहेब’ चढवला की ओझं होतं. ‘डिअर वसंतराव’ पुरेसं असतं, पण तेही पुण्याहून पहिल्यांदा लिहिणाऱ्याने नव्हे. आबासाहेब, भाऊसाहेब हे कुणाचं कागदोपत्री नाव असतं तर कुणाचं लोकांनी दिलेलं. लेटरहेडवर छापलं असेल तर लिहा. नसेल तर ते तालुक्याने प्रेमाने दिलेलं नाव आहे, पुरवठादाराने घाईने वापरू नये. चेअरमनना शक्यतो पत्रच पाठवा, ‘द चेअरमन’ म्हणून.

सह्याद्रीचा_वारा

याच्याशी मी सहमत नाही. आमच्या कोल्हापूर भागात चेअरमनना ‘आबासाहेब’ न लिहिता ‘मिस्टर पाटील’ लिहिलं तर हा माणूस कुठल्या गावचा, असं म्हणतील. मी पुण्यातून लिहितो आणि पहिल्या दिवसापासून ‘डिअर आबासाहेब’ लिहितो. ते स्वतः फोन करतात.

जुना_स्टेनो

तुम्ही त्या भागातले दिसता, म्हणून ते चालतं. बाहेरच्याचं तेच कानाला वेगळं लागतं. असो, यावर आपले दोन अनुभव राहू देत.

केतकी_कोथरूड

सगळ्यांचं वाचून मसुदा नव्याने लिहिला. चेन्नईवाल्यांना सीसीतून काढलं, पैशांचा त्यांच्याशी संबंध नाही. चीफ अकौंटंटना सीसीत घेतलं. बिलाची प्रत आणि लेटरहेडवरचं पत्र सोबत.

```
Dear Patil Saheb,

I hope the crushing is going well. Two of our three
transmitter invoices have been paid; thank you for that.
The third, dated 10 December, was due on 24 January.
Could you please ask Accounts to tell us by Friday
when it will be released?

Regards,
Ketki
```

‘गुडसेल्फ’ गेलं, ‘नीडफुल’ गेलं. कसं वाटतंय?

मुक्ता_म्युनिक

छान. ‘साहेब’ एकदा आलं आणि पुढची वाक्यं सरळ आहेत. ‘कुड यू प्लीज’मध्ये पुरेसा मान आहे, त्याहून वाकायची गरज नाही.

जुना_स्टेनो

चांगला आहे. समासात काय लिहायचं ते साहेबांना आता कळेल. एकच बदल करा. गाळप चालू आहे ना, याची चीफ इंजिनिअरकडे खात्री करा, मगच ते पहिलं वाक्य ठेवा. मिलमध्ये बिघाड होऊन गाळप थांबलं असेल आणि तुम्ही ‘क्रशिंग छान चाललं असेल’ लिहिलंत, तर वरच्या ‘साहेब’चा सगळा उपयोग जातो. आमच्याकडे टर्बाइन बंद पडलेल्या दिवशी असा एक मेल आला होता. साहेबांनी समासात काहीच न लिहिता तो बाजूला ठेवला.

केतकी_कोथरूड

विचारलं. काल रात्रीपासून बॉयलरच्या ट्यूबची गळती आहे, गाळप बंद. वाक्य काढलं आणि मेल उद्यापर्यंत थांबवला.

अ‍ॅड_साताराकर

थांबवलात हे उत्तम केलंत. पत्रावरची तारीख मात्र बदलायला विसरू नका.

केतकी_कोथरूड

तीन दिवसांनी परत येतेय. गाळप सुरू झाल्यावर मेल पाठवला. एमडी साहेबांचं उत्तर नाही, पण चीफ अकौंटंटचं आलं. ‘डिअर मॅडम’, बिल पास झालं आहे, संचालक मंडळाच्या बैठकीनंतर रक्कम जमा होईल. बैठकीची तारीख दिलेली नाही. आता ती विचारायला त्यांना लिहायचं आहे. चीफ अकौंटंटनाही ‘साहेब’ लिहायचं का? आणि एमडींना सीसीत ठेवायचं का?

स्पष्टवक्ता_ठाणे

इथे तरी ‘मिस्टर’ लिहून बघा.

जुना_स्टेनो

चीफ अकौंटंटनाही आडनाव आणि ‘साहेब’ लिहा. कारखान्यात खातेप्रमुख सगळे ‘साहेब’च असतात. एमडींना या मेलच्या सीसीत ठेवू नका. त्यांनी कागद खाली पाठवला, म्हणजे त्यांच्याकडून काम झालं. लगेच त्यांना परत दाखवलं तर ती अकौंटंटची तक्रार होते, आणि चेकची फाइल त्यांच्याच टेबलावर असते. मेल पाठवल्यावर दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर एक फोन करा, मराठीत.